सर, स्लाइड किती करायच्या?

‘सर्व विद्यार्थ्यांना कळवण्यात येते की, अंतर्गत मूल्यमापनासाठी प्रत्येकाने पर्यावरण या विषयावर पीपीटी तयार करून पुढील आठवड्यात सादर करावी. गुण २०.’

असा संदेश वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पडला की त्याखाली ‘येस सर’, ‘ओके सर’ची रांग लागते आणि मागोमाग प्रश्न सुरू होतात. सर, स्लाइड किती करायच्या? ग्रुपमध्ये चालेल का? मराठीत केली तर चालेल? पुढच्या आठवड्यात म्हणजे कोणत्या वारी? व्हिडिओ टाकला तर मार्क जास्त मिळतील का? शिक्षक वैतागतात आणि मुलांना स्वतःहून काही ठरवता येत नाही म्हणतात. मला मात्र यातला प्रत्येक प्रश्न रास्त वाटतो. संदेशात जे सांगायला हवं होतं ते सांगितलेलं नाही, म्हणून मुलं विचारतात.

प्रेझेंटेशन आता पदवीच्या जवळजवळ प्रत्येक विषयात आलं आहे. पर्यावरण अभ्यासाचंच उदाहरण घेऊ, कारण तो कला, वाणिज्य, विज्ञान अशा सगळ्या शाखांना असतो. हा विषय सर्व स्तरांवर शिकवावा असं सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली सांगितलं आणि पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाने त्याचा सामाईक अभ्यासक्रम तयार केला. विषय सगळ्यांना, म्हणून वर्गही मोठे. साठ मुलं, एक प्रोजेक्टर, पन्नास मिनिटांची तासिका. प्रेझेंटेशनच्या सूचना लिहायला बसताना या तीन गोष्टींपासून सुरुवात करावी लागते. विषय, स्लाइड, गुण, तारीख या क्रमाने संदेश वाचला जातो खरा, पण तो ठरवायचा असतो उलट्या क्रमाने, तारखेकडून.

हिशेब करून पाहू. प्रत्येक विद्यार्थ्याला सात मिनिटं बोलायला आणि तीन मिनिटं प्रश्नांना दिली, तर साठ जणांना सहाशे मिनिटं लागतात, म्हणजे बारा तासिका. आठवड्यात दोन तासिका असतील तर दीड महिना निव्वळ प्रेझेंटेशनच चालू राहतील. शेवटच्या मुलाची पाळी येईपर्यंत वर्ग ओस पडलेला असतो आणि अभ्यासक्रम मागे पडतो म्हणून शिक्षक शेवटच्या वीस जणांना ‘दोन मिनिटांत उरका’ म्हणतात. पहिल्याला दहा मिनिटं आणि साठाव्याला दोन, गुण मात्र दोघांनाही वीसपैकी. हा अन्याय संदेश लिहिला त्याच दिवशी झालेला असतो.

म्हणून चार-चार जणांचे पंधरा गट करावेत. प्रत्येक गटाला बोलायला आठ मिनिटं, प्रश्नांना चार आणि फाइल उघडणं, माइक हातात देणं, जागा बदलणं यासाठी दोन. गटामागे चौदा मिनिटं झाली. एका तासिकेत तीन गट आरामात बसतात, हजेरीलाही वेळ उरतो. पाच तासिकांत काम संपतं.

आता या पाच तासिका कॅलेंडरवर मांडायच्या. समजा तासिका सोमवारी आणि गुरुवारी आहेत आणि सुरुवात सोमवार, १६ फेब्रुवारीला करायची आहे. त्याच आठवड्यातला गुरुवार म्हणजे १९ फेब्रुवारी, शिवजयंतीची सुट्टी. म्हणजे पाच तासिका पुऱ्या व्हायला मार्च उजाडणार. फेब्रुवारीत बारावीची परीक्षाही असते. जिथे कनिष्ठ आणि वरिष्ठ महाविद्यालय एकाच इमारतीत आहे, तिथे प्रोजेक्टरची खोली त्या दिवसांत आपल्या हातात आहे का, हे कार्यालयात विचारून घ्यावं लागतं. ही चौकशी आधी केली नाही की ‘उद्याचे प्रेझेंटेशन रद्द’ असा दुसरा संदेश पाठवावा लागतो. दोनदा तारीख बदलली की तिसऱ्या तारखेवर मुलं विश्वास ठेवत नाहीत.

फाइल जमा करायची तारीख आणि सादर करायची तारीख वेगळी असावी, आणि जमा करायची तारीख सगळ्या गटांना एकच असावी. पहिला गट १६ फेब्रुवारीला बोलणार आणि शेवटचा मार्चमध्ये. ‘आपापल्या दिवशी फाइल आणा’ म्हटलं तर शेवटच्या गटाला दोन आठवडे जास्त मिळतात. वर आधीच्या बारा-चौदा गटांच्या चुका पाहून सुधारणा करायची सोय. सगळ्यांनी शुक्रवार, १३ फेब्रुवारीला फाइल दिली आणि त्यानंतर पाळ्यांसाठी चिठ्ठ्या टाकल्या, तर कोणाला तक्रारीला जागा राहत नाही. वेळही नेमकी लिहावी. ‘१३ तारखेला रात्री १२ पर्यंत’ यातली रात्र तेराची सुरुवात होतानाची की शेवटाची, यावरून दरवर्षी वाद होतात. ‘शुक्रवार, संध्याकाळी ५’ लिहिलं की संपलं. पाच वाजता महाविद्यालयात कोणीतरी असतं, इंटरनेट नसलेला मुलगा पेनड्राइव्ह घेऊन येऊ शकतो.

तारखांवरून स्लाइडची मर्यादा आपोआप निघते. बोलायला आठ मिनिटं आहेत. सावकाश, समजेल असं मराठी बोलताना मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द होतात. म्हणजे पूर्ण गटाला आठ-नऊशे शब्द, प्रत्येकाच्या वाट्याला सव्वादोनशेच्या आसपास. एक स्लाइड पाहून, समजून घ्यायला श्रोत्याला साधारण मिनिटभर लागतं. आठ मिनिटांना आठ स्लाइड, शीर्षकाची आणि संदर्भांची धरून. ‘धरून’ हा शब्द संदेशात हवाच, नाहीतर आठाच्या दहा होतात.

उद्योगजगतात गाय कावासाकी यांचा नियम प्रसिद्ध आहे: दहा स्लाइड, वीस मिनिटं, तीस पॉइंटचं अक्षर. टोकियोत २००३ मध्ये सुरू झालेल्या पेचाकुचा या प्रकारात वीस स्लाइड असतात आणि प्रत्येक स्लाइड वीस सेकंदांनी आपोआप पुढे सरकते, म्हणजे सहा मिनिटं चाळीस सेकंदांत बोलणारा थांबतोच. आकडे वेगळे असले तरी दोन्हींकडे स्लाइडची संख्या वेळेशी बांधलेली आहे. वर्गात तसं होत नाही. ‘किमान पंधरा स्लाइड असाव्यात’ असं लिहिलेला संदेश मी पाहिला आहे. किमान सांगितलं की मुलं भरतीला लागतात: ‘प्रस्तावना’, ‘अर्थ’, ‘व्याख्या’, ‘महत्त्व’, ‘धन्यवाद’. कमाल सांगितलं की काय काढायचं याचा विचार करतात. माझ्या मते संदेशात फक्त कमाल मर्यादा असावी.

मर्यादा घातली की मुलं दुसरी पळवाट काढतात. पंधरा स्लाइडचा मजकूर आठांत कोंबतात आणि अक्षर बारा पॉइंटचं करतात. म्हणून अक्षराचा आकारही सांगावा लागतो. २४ पॉइंटपेक्षा लहान नको. मुलांना घरी तपासता येईल अशी युक्ती सांगावी: स्लाइड लॅपटॉपवर पूर्ण पडदाभर लावायची आणि दोन मीटर मागे जाऊन वाचायची. मध्यम वर्गखोलीत मागच्या बाकावरून पडदा साधारण तेवढाच दिसतो. तिथून वाचता आलं नाही, तर मागचे दोन बाक त्या दिवशी मोबाईलमध्ये डोकं घालणार हे नक्की.

स्लाइडवर गर्दी झाली की काय होतं, याचं एक दुःखद उदाहरण आपल्या मुलांना माहीत असायला हवं. जानेवारी २००३ मध्ये कोलंबिया यान उडताना बाहेरच्या टाकीवरच्या फोमचा एक तुकडा निघून यानाच्या डाव्या पंखावर आदळला. यान अंतराळात असतानाच अभियंत्यांनी धोक्याचा अंदाज नासाच्या अधिकाऱ्यांपुढे पॉवरपॉइंटवर मांडला. त्यातल्या एका स्लाइडचा मथळा वाचून जुन्या चाचण्यांत भरपूर सुरक्षिततेची बाजू दिसते, असा समज होत होता. प्रत्यक्षात त्या चाचण्या तीन घनइंचाच्या तुकड्याच्या होत्या आणि यानावरचा भाग १९२० घनइंचांचा, म्हणजे सहाशे पटींहून मोठा होता. हा आकडा स्लाइडवर होता, पण अगदी तळाच्या ओळीत, उपमुद्द्याच्या उपमुद्द्यात, लहान अक्षरांत. १ फेब्रुवारीला परतताना यान तुटलं आणि कल्पना चावला यांच्यासह सातही अंतराळवीर गेले. पुढे चौकशी मंडळाने अपघाताची इतर अनेक कारणं मांडली, पण तांत्रिक अहवालाच्या जागी अशा स्लाइड वापरण्याच्या सवयीवरही अहवालात बोट ठेवलं. एडवर्ड टफ्टी या अभ्यासकाने त्या स्लाइडचं ओळीओळीने केलेलं विश्लेषण आजही शिकवलं जातं.

यातून वर्गासाठी एक सूचना निघते: मथळा पूर्ण वाक्यात लिहा, आणि स्लाइडवरची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मथळ्यातच येऊ द्या. ‘निरीक्षणे’ हा मथळा काहीच सांगत नाही. ‘४० पैकी २९ विक्रेत्यांनी न मागता पिशवी दिली’ हा मथळा वाचला की पुढचं ऐकावंसं वाटतं.

हा पिशवीचा मथळा आला विषयाच्या निवडीतून. ‘पर्यावरण’ किंवा ‘प्लास्टिक प्रदूषण’ असा विषय दिला की मुलं नेटवरून तयार पीपीटी उतरवतात, नाव बदलतात, पहिल्या पानावर महाविद्यालयाचा लोगो लावतात. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही, कारण एवढ्या मोठ्या विषयावर दोन आठवड्यांत दुसरं काय करणार? विषय इतका अरुंद करायचा की त्याची तयार फाइल जगात कुठेच नसावी. त्यासाठी जागा, काळ आणि प्रश्न या तिन्ही गोष्टी विषयात हव्यात.

समजा एका गटाला प्लास्टिकवर काम करायचं आहे. महाराष्ट्रात मार्च २०१८ पासून प्लास्टिकच्या कॅरीबॅगवर बंदी आहे, पहिल्यांदा सापडल्यास पाच हजारांचा दंड आहे. मग प्रश्न असा होऊ शकतो: ‘आपल्या गावच्या रविवारच्या बाजारात भाजीविक्रेते अजून पातळ पिशवी देतात का, आणि देत असतील तर का?’ चौघं एक ओळ ठरवतात, ओळीतले चाळीस विक्रेते मोजतात. वहीत चाळीस चौकटी आखतात: न मागता पिशवी दिली, मागितल्यावर दिली, दिलीच नाही. नंतर दहा जणांशी बोलतात. पिशवी कितीला पडते, गिऱ्हाईक स्वतःची पिशवी आणतं का, पिशवी नाही म्हटलं तर गिऱ्हाईक काय करतं. विक्रेत्याला विचारल्याशिवाय फोटो काढायचा नाही आणि चेहरा दाखवायचा नाही, हे शिक्षकांनी आधीच बजावायचं. दंडाच्या भीतीने धंदा करणाऱ्या माणसाचा फोटो ग्रुपवर फिरला तर त्याचं नुकसान होतं.

मोजणी करताना चुका होतातच, आणि शिकण्यासारखं तिथेच जास्त असतं. सकाळी अकराला मोजलं आणि संध्याकाळी सहाला मोजलं तर चित्र वेगळं दिसू शकतं, कारण संध्याकाळी कामावरून परतणारं गिऱ्हाईक मोकळ्या हाताने येतं. म्हणून वेळ लिहायला हवी. चाळीस विक्रेत्यांवरून ‘७२.५ टक्के’ असं स्लाइडवर लिहिलं की तो आकडा सबंध राज्याचा वाटतो. ‘४० पैकी २९’ लिहिणं प्रामाणिकपणाचं आहे. आणि एका बाजारावरून ‘महाराष्ट्रात बंदी फसली’ असा निष्कर्ष काढता येत नाही.

या कामाला बाजाराचे किमान दोन वार हवेत, कारण एखादा रविवार आजारपणात किंवा लग्नसराईत जातो. जमा करायची तारीख १३ फेब्रुवारी असेल तर १ आणि ८ फेब्रुवारी हे दोन रविवार मिळायला हवेत. म्हणजे विषय ३० जानेवारीपर्यंत मंजूर झालेला हवा, आणि त्यासाठी संदेश २४ जानेवारीच्या शनिवारी तरी जायला हवा. सोमवार २६ जानेवारीचा, सुट्टीचा. ‘पुढील आठवड्यात सादर करावी’ म्हणणाऱ्या शिक्षकाने नकळत ठरवून टाकलेलं असतं की मुलांनी बाजारात जायचं नाही, नेटवरूनच उतरवायचं.

गुणांचं सांगायला मी थोडी जागा जास्त घेणार आहे, कारण मुलं संदेशातली हीच ओळ सगळ्यात काळजीपूर्वक वाचतात. ‘आशय १०, सादरीकरण १०’ ही विभागणी सर्रास दिसते. त्यातून मुलाला काय करायचं ते कळत नाही आणि शिक्षकालाही बारा का दिले, चौदा का नाही, हे सांगता येत नाही. आमच्या वर्गाच्या प्रश्नाला धरून वीस गुण असे पाडता येतील: प्रश्न नेमका आहे का आणि शेवटी त्याचं उत्तर मिळालं का, याला ५. माहिती स्वतः जमवली का आणि ती कुठे, कधी, कशी जमवली हे सांगितलं का, याला ६. स्लाइड न वाचता, वेळेत आणि समजेल असं बोलणं, याला ४. हे पंधरा गुण गटाला सारखे. उरलेले ५ प्रत्येकाला स्वतंत्र, प्रश्नोत्तरांतून. आणि कोणता प्रश्न कोणी घ्यायचा हे शिक्षक ठरवणार. ही शेवटची अट संदेशात असली की गटातला चौथा मुलगाही बाजारात जातो. नसली तर एक जण फाइल करतो, एक जण बोलतो आणि दोघं मागे उभे राहतात.

प्रत्येक निकषात पूर्ण गुण कशाला आणि अर्धे कशाला, हे एका ओळीत सांगता आलं पाहिजे. माहितीचे सहा हवे असतील तर मोजणीची तारीख, वेळ, जागा आणि पद्धत सांगितलेली हवी. मोजणी केली पण कशी ते सांगितलं नाही, तर तीन. सगळं नेटवरून, तर एक. एवढं आधी माहीत असलं की निकालानंतर ‘सर, आम्हाला कमी का?’ विचारायला येणारं मूल स्वतःच उत्तर शोधतं.

या यादीत रंग, ॲनिमेशन, सजावट यांना गुण नाहीत, आणि ते मुद्दाम. वर्गात कित्येक मुलांकडे लॅपटॉप नसतो. मोबाईलवर, कधी भावाच्या मोबाईलवर ती स्लाइड करतात. सजावटीला पाच गुण ठेवले की ते पाच गुण लॅपटॉपला जातात. इंग्रजीचंही तसंच. मराठीत, इंग्रजीत, दोन्हींत बोललं तरी गुण सारखेच, हे संदेशात स्पष्ट लिहिलं नाही तर मराठी माध्यमातून आलेली मुलगी गटातल्या इंग्रजी येणाऱ्याला माइक देते आणि स्वतः गप्प बसते. बाजारात विक्रेत्यांशी सगळ्यात चांगलं बोललेली बहुतेक तीच असते.

मराठी स्लाइडची एक तांत्रिक अडचण नेहमीची आहे. कृतिदेव, शिवाजी यांसारख्या जुन्या फाँटमध्ये लिहिलेली फाइल महाविद्यालयाच्या संगणकावर उघडली आणि तिथे तो फाँट नसला, की अक्षरांच्या जागी रोमन चिन्हांचा कचरा दिसतो. म्हणून मजकूर युनिकोडमध्येच लिहायला सांगावं. मंगल, निर्मला किंवा नोटो सान्स देवनागरी कोणताही चालेल. सोबत पीडीएफ प्रत मागावी, तिच्यात अक्षरं हलत नाहीत. ड्राइव्हची लिंक मागत असाल तर Anyone with the link ही परवानगी द्यायला सांगा, नाहीतर ऐन वेळी पडद्यावर Request access येतं.

आता सगळं एकत्र केलं तर संदेश असा होईल:

‘पर्यावरण अभ्यास, गटप्रेझेंटेशन, २० गुण. चौघांचा गट. विषय आपल्या परिसरातला, एका प्रश्नाच्या रूपात. प्रश्न, माहिती कुठून आणि कशी जमवणार, कोण काय करणार, या तीन ओळी गुरुवार, २९ जानेवारीला तासिकेत लिहून आणा. एक विषय एकाच गटाला. मंजूर विषयांची यादी शुक्रवारी ३० तारखेला फलकावर. वेळ ८ मिनिटे, प्रश्न ४ मिनिटे. जास्तीत जास्त ८ स्लाइड, पहिली आणि शेवटची धरून. अक्षर २४ पॉइंट किंवा मोठे, युनिकोड. भाषा मराठी किंवा इंग्रजी, गुण सारखेच. गुण: प्रश्न आणि उत्तर ५, स्वतः जमवलेली माहिती ६, बोलणे व वेळ ४, प्रश्नोत्तरे ५ (वैयक्तिक). पीपीटी आणि पीडीएफ शुक्रवार, १३ फेब्रुवारी, संध्याकाळी ५ पर्यंत. फाइलला गट क्रमांकाचे नाव. उशीर झाल्यास दर दिवशी १ गुण कमी. पाळ्यांच्या चिठ्ठ्या त्यानंतर. प्रेझेंटेशन सोमवार, १६ फेब्रुवारीपासून.’

मोबाईलच्या पडद्यावर हा दीड-दोन पडद्यांचा मजकूर होतो. तो ग्रुपवर पिन करावा आणि त्याची छापील प्रत फलकावरही लावावी, कारण ‘येस सर’च्या रांगेत संदेश वर निघून जातो आणि काही मुलांचं रिचार्ज संपलेलं असतं.

पालकांना एक विनंती. मुलाने किंवा मुलीने मदत मागितली तर आधी हा संदेश स्वतः वाचा, विशेषतः गुणांची ओळ. फाइल करून देऊ नका, सायबर कॅफेतूनही करून आणू नका. जेवणानंतर घड्याळ लावून एकदा ऐका, न कळलेलं विचारा, आणि आठ मिनिटं झाली की थांबवा.